पहिले परिशिष्ट की परिशिष्ट १?

समजा, एका शेतकऱ्याची १ हेक्टर २० आर जमीन आहे आणि त्यातला उत्तरेकडचा ४० आरचा तुकडा तो विकतो आहे. खरेदीखताच्या पहिल्या मसुद्यात एकच परिशिष्ट होते, ४० आरचे. घेणाऱ्याच्या वकिलांनी सुचवले की आधी संपूर्ण गटाचे वर्णन द्या, मग विकायच्या तुकड्याचे. सूचना रास्त होती. खताच्या शेवटी परिशिष्ट १ म्हणून पूर्ण गट आला, तुकडा परिशिष्ट २ झाला. कॉम्प्युटरवर ‘परिशिष्ट १’ शोधून प्रत्येक ठिकाणी ‘परिशिष्ट २’ केले गेले.

पण खरेदी देण्याचे कलम सुटले. तिथे लिहिले होते, ‘पहिल्या परिशिष्टात वर्णन केलेली मिळकत कायम खरेदी दिली आहे.’ आकडा शोधणाऱ्याला अक्षरी ‘पहिल्या’ सापडत नाही, आणि ‘पहिले’ शोधले तरी ‘पहिल्या’ हाती लागत नाही. मराठीत शब्दाचे रूप बदलते, म्हणून हा धोका इंग्रजी मसुद्यापेक्षा जास्त. कागदावर आता सगळी जमीन विकली गेली होती.

म्हणून माझा आग्रह ‘परिशिष्ट १’ या रूपाचा. ‘परिशिष्ट १ मध्ये’, ‘परिशिष्ट १ प्रमाणे’ असे लिहिले की नाव जसेच्या तसे राहते. क्रमवाचक शब्दही चालतात. आपल्या राज्यघटनेत सगळ्या अनुसूची पहिली, दुसरी अशाच आहेत. मात्र मग मथळ्यापासून शेवटच्या कलमापर्यंत तेच हवे. रोमन आकडे मी टाळते. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये दोन उभ्या रेघा आहेत की तीन, हे भिंग लावून पाहावे लागते. नुसता ‘सूची’ शब्दही नको, कारण नोंदणीनंतर मिळणाऱ्या उताऱ्यालाच सूची क्रमांक २ म्हणतात.

तपासताना आकडा शोधू नये, फक्त ‘परिशिष्ट’ शोधावे. ‘परिशिष्टात’, ‘परिशिष्टातील’ सगळे समोर येते. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचे, इथे पूर्ण गट अभिप्रेत आहे की तुकडा? मग ‘अनुसूची’ आणि ‘जोडपत्र’ हेही शोधावे. जुन्या मसुद्यातून उचललेल्या कलमांबरोबर ते शब्द हटकून येतात.

चूक सहीआधी दिसली तर पान बदलता येते. सह्या झाल्यावर पण नोंदणीआधी दिसली, तर खोडून दुरुस्त केलेल्या जागी लिहून देणाऱ्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. नोंदणीनंतर मात्र दोन्ही पक्षांचे चूक दुरुस्तीपत्र करून तेही नोंदवावे लागते. अशा वादात न्यायालय चतुःसीमा, क्षेत्र, किंमत असे सगळे खत एकत्र वाचते, त्यामुळे नुसत्या चुकीच्या क्रमांकाने व्यवहार सहसा बुडत नाही. पण विकणारा वारला आणि वारस सही द्यायला तयार नसले, तर १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २६ खाली दावा लावावा लागतो, आणि एका ‘पहिल्या’साठी दोन्ही घरे कोर्टात उभी राहतात.