प्रवेश रद्द, फी परत

प्रवेश रद्द केल्यावर किती फी परत मिळणार, हे आपण पैसे कधी भरले किंवा वर्गात किती दिवस बसलो यावर ठरत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार मोजणी होते ती प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेपासून. तिच्या आधी 15 दिवसांपेक्षा कमी उरले असतील तर 90 टक्के, नंतरच्या 15 दिवसांत 80, तिसाव्या दिवसापर्यंत 50 आणि पुढे शून्य.

समजा, महाविद्यालयाने माहितीपुस्तिकेत हाच तक्ता छापला आहे आणि अंतिम तारीख 31 जुलै आहे. भरलेले 24,000 रुपये. त्यात 1,000 अनामत. विद्यार्थिनीने 9 ऑगस्टला अर्ज दिला. अनामत फीमध्ये धरत नाहीत, ती पूर्ण परत मिळते. म्हणजे 23,000 चे 80 टक्के, 18,400, अधिक 1,000: एकूण 19,400 रुपये.

अर्जात विनवणी नको. माहितीपुस्तिकेचा पान क्रमांक, अंतिम तारीख, हा हिशेब आणि पावतीची प्रत पुरे. मात्र खिडकीवर तोंडी सांगून घरी येऊ नका. ‘साहेब रजेवर आहेत, सोमवारी या’ हे ऐकण्यात सोळावा दिवस उजाडतो आणि 80 चे 50 होतात. अर्ज आवक विभागात द्या, स्वतःच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पैसे परत करायची 15 दिवसांची मुदतही लेखी अर्ज मिळाल्यापासूनच सुरू होते.