बुरशी दाण्यावर की दाण्यात?

ज्वारीच्या कणसात कधी कधी दाण्यांच्या जागी राखाडी, लांबट पिशव्या दिसतात. चिमटीत धरून फोडल्या तर आतून काळी भुकटी बाहेर येते. ही दाणे काणी. मळणी होताना या पिशव्या फुटतात आणि भुकटी, म्हणजे बुरशीचे बीजाणू, खळ्यातल्या निरोगी दाण्यांना चिकटते. पुढच्या हंगामात ते दाणे पेरले की ओल लागताच दाण्याबरोबर बीजाणूही रुजतात, कोवळ्या कोंबात शिरतात आणि ताटाबरोबर आतल्या आत वाढत राहतात. पीक हिरवेगार असते. कणीस बाहेर पडेपर्यंत काही कळत नाही, आणि कळते तेव्हा कुठलीही फवारणी कामाची नसते.

या रोगावरचा उपाय मात्र अगदी स्वस्त आहे. ३०० मेश गंधकाची भुकटी, एक किलो बियाण्याला ४ ग्रॅम. एकरी चार किलो ज्वारी पेरायची असेल तर सोळा ग्रॅम गंधक पुरते. बीजाणू दाण्याच्या सालीवर बसलेला असतो आणि गंधकही सालीवरच बसते. बीजाणू रुजायला लागला की त्याची गाठ गंधकाशी पडते आणि तो कोंबापर्यंत पोचण्याआधीच मरतो. गंधक झाडात शिरत नाही. शिरायची गरजच नसते. गंधक, थायरम, मॅन्कोझेब, मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण ही सगळी अशी स्पर्शजन्य, म्हणजे बाहेरून राखण करणारी बुरशीनाशके.

आता गव्हाची काजळी पाहा. पोटरीतून ओंबी बाहेर पडते तीच काळी. दाणे नाहीत, नुसती काजळी. ती वाऱ्याने उडते आणि आजूबाजूच्या फुलोऱ्यातल्या ओंब्यांवर पडते. तिथे बीजाणू रुजतो, कोवळ्या दाण्यात शिरतो आणि दाण्याच्या अंकुरात जाऊन निपचित पडून राहतो. असा दाणा रंगाला, वजनाला, आकाराला चांगल्या दाण्यासारखाच असतो. चाळणीने तो वेगळा काढता येत नाही, मिठाच्या पाण्यात टाकला तरी वर तरंगत नाही. त्यावर गंधक चोळले तर ते सालीवरच राहते आणि बुरशी आत सुरक्षित असते. ज्वारीच्या काणीवर हमखास चालणारा उपाय गव्हाच्या काजळीवर साफ निकामी ठरतो तो यामुळे.

आत बसलेल्या बुरशीवर औषध नव्हते तेव्हा लोकांनी उष्णतेचा आधार घेतला. १९३० च्या दशकात पंजाबात लुथ्रा आणि सत्तार यांनी सुचवलेली पद्धत मला फार आवडते, कारण तिच्यात बुरशीच्या स्वभावाची नेमकी ओळख आहे. उन्हाळ्यातल्या कडक दिवशी गहू सकाळी चार तास पाण्यात भिजवायचा आणि दुपारी चार तास रणरणत्या उन्हात पातळ पसरून वाळवायचा. निद्रिस्त बुरशी उष्णतेला दाद देत नाही. पाण्याने ती जागी होते, आणि जागी झाली की उन्हाने मरते. पण अंकुर मरेल आणि बुरशी मरेल यातले अंतर थोडेच असते. ऊन कमी पडले तर बुरशी वाचते आणि बियाणे नीट वाळले नाही तर साठवणीत खराब होते.

१९६६ मध्ये फॉन श्मेलिंग आणि कुल्का यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑक्सॅथिन गटातल्या रसायनांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातले एक कार्बोक्झिन. बियाण्याला चोळलेले हे औषध दाणा पाणी शोषतो तेव्हा त्याच्याबरोबर आत जाते, अंकुरापर्यंत पोचते आणि तिथल्या बुरशीला मारते, अंकुराला नाही. हे आंतरप्रवाही बुरशीनाशक. ज्या कामासाठी ऊन आणि नशीब दोन्ही लागत होते, ते चिमूटभर पावडरीने होऊ लागले.

‘आंतरप्रवाही’ म्हटले की औषध झाडात सगळीकडे फिरते असा समज होतो, तो खरा नाही. अशी बहुतेक औषधे मुळाकडून शेंड्याकडे, पाण्याच्या वाटेने वर चढतात. पानावर फवारलेले औषध खाली मुळांपर्यंत सहसा उतरत नाही, म्हणून मर रोगाने सुकणाऱ्या हरभऱ्याच्या पानांवर फवारा मारून हाती काही लागत नाही. बियाण्याला लावलेले औषधही रोप वाढेल तसे विरळ होत जाते. त्याचे राखण सुरुवातीच्या काही आठवड्यांचे, पूर्ण हंगामाचे नाही.

मग सगळीकडे आंतरप्रवाहीच का वापरू नये? दुकानात ‘भारी औषध द्या’ अशी मागणी होते ती याच विचाराने, आणि माझ्या मते इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. गंधक किंवा मॅन्कोझेब बुरशीच्या पेशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात. आंतरप्रवाही औषधाचा घाव बहुधा एकाच जागी असतो. कार्बोक्झिन बुरशीच्या श्वसनातले एक विकर बंद पाडते. त्या एका जागी बुरशीत बदल झाला की औषध निष्प्रभ होते, आणि वाचलेल्या बुरशीचीच पुढची पिढी शेतभर पसरते. मेटॅलॅक्झिल १९७७ च्या सुमारास बाजारात आले. १९८० मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या बटाट्याच्या करप्याने त्याला जुमानणे सोडले. तिथे ते एकटेच फवारले जात होते. त्यानंतर त्याच्या जोडीला मॅन्कोझेब देण्याची रीत पडली. आपल्या द्राक्षबागांत केवड्यासाठी मिळणाऱ्या जोडऔषधांमागे हेच कारण आहे.

दुसरी मर्यादा म्हणजे औषध कोणत्या बुरशीवर चालते. बाजरीचा गोसावी, द्राक्षाचा केवडा हे रोग ज्या गटामुळे होतात तो खऱ्या बुरशांपासून वेगळा आहे. कार्बेन्डॅझिम आंतरप्रवाही असले तरी या गटावर चालत नाही, मात्रा कितीही वाढवा. बाजरीच्या गोसावीसाठी मेटॅलॅक्झिल ३५ टक्के, किलोला ६ ग्रॅम, अशी बीजप्रक्रिया सांगतात ती म्हणूनच.

गव्हासाठी आज कार्बोक्झिन आणि थायरम यांचे मिश्रण किलोला ३ ग्रॅम वापरता येते. कार्बोक्झिन दाण्याच्या आतले पाहते, थायरम सालीवरचे आणि दाण्याभोवतीच्या मातीतले. एकरी चाळीस किलो बियाण्याला १२० ग्रॅम पुरते. हातात मोजे, तोंडाला फडके. बियाणे ताडपत्रीवर किंवा बीजप्रक्रियेच्या ड्रममध्ये घ्यावे, पाण्याचा हलका शिपका द्यावा, औषध टाकून प्रत्येक दाण्याला सारखा रंग चढेपर्यंत हलक्या हाताने घोळावे आणि सावलीत सुकवावे. काही दाणे गडद आणि काही कोरे राहिले तर काम नीट झालेले नाही असे समजावे. पाणी जास्त झाले तर दाणा फुगतो आणि पेरणीआधीच मोड येऊ लागतो. हरभरा, सोयाबीन यांना रायझोबियम लावायचे असेल तर ते सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर. आधी औषध लावून सुकवायचे, मग जिवाणू.

औषधी बियाण्यात रंग मिसळलेला असतो तो ते खाण्यात जाऊ नये म्हणून. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेला गहू पेरणीसाठी वाटला गेला. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत होत्या. लोकांनी धुऊन रंग काढला, विष गेले असे मानून भाकरी केल्या. सरकारी नोंदीनुसार साडेचारशेहून अधिक माणसे मेली. पाऱ्याची ती औषधे आता वापरात नाहीत, पण नियम आजच्या औषधांनाही लागू आहे. उरलेले औषधी बियाणे दळणात, कोंबड्यांपुढे किंवा गुरांच्या दावणीत जाऊ देऊ नये. लागेल तेवढेच बियाणे माखावे, आणि तरीही उरले तर वेगळ्या पिशवीत, चिठ्ठी लावून, घरातल्या धान्यापासून लांब, कुलपात ठेवावे.