केकचे पैसे कोणत्या रकान्यात?

आपल्या प्राप्तिकर कायद्यात ‘छंदाचे उत्पन्न’ असा रकाना नाही. छंदातून आलेले पैसे एकतर व्यवसायाचे उत्पन्न ठरतात, नाहीतर ‘इतर स्रोतांचे’. प्रश्न खरा पेटतो तो तोट्याच्या वर्षी.

ठाण्यातल्या एका नोकरदार बाईंचे कल्पित उदाहरण घेऊ. शनिवार-रविवारी त्या केक करतात. वर्षाची विक्री ८०,००० रुपये, साहित्य-खोक्यांवर ७०,००० आणि बेकिंगच्या वर्गाची फी ३०,०००. म्हणजे २०,००० तोटा. हा तोटा पगारातून वजा करावा असे कुणालाही वाटेल. पण व्यवसायाचा तोटा पगारातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरले तर तो पुढची आठ वर्षे व्यवसायाच्याच नफ्यातून वळता करता येतो. ‘इतर स्रोतांचा’ तोटा मात्र त्याच वर्षी पगारातून वजा होऊ शकतो. उरला तर पुढे नेता येत नाही. इथे मोह होतो. पण त्यासाठी खर्च केवळ ते उत्पन्न मिळवण्यासाठीच झालेला असावा लागतो. हौसेखातर केलेल्या वर्गाची फी हा घरखर्चच.

मग व्यवसाय आहे की नाही, हे ठरते कशावरून? ऑर्डरी दर आठवड्याला येतात का, दरपत्रक आहे का, अन्नसुरक्षेची नोंदणी काढली आहे का, साहित्यावर काही रक्कम चढवून किंमत लावली जाते का, हे सगळे एकत्र पाहिले जाते. मैत्रिणीच्या मुलाच्या वाढदिवसाला केक करून साहित्याचेच पैसे घेतले, तर त्यात व्यापार नाही.

सातत्य हवेच, असेही नाही. कायद्याच्या व्याख्येत व्यापाराच्या स्वरूपाचे एखादे साहसही व्यवसायात मोडते. कोइम्बतूरच्या जी. व्यंकटस्वामी नायडू आणि कंपनीने आपण चालवत असलेल्या गिरणीला लागून असलेले जमिनीचे तुकडे घेतले आणि १९४७ मध्ये त्याच गिरणीला विकले. नफा ४३,८८७ रुपये. मधल्या काळात त्या जमिनीतून काही कमावण्याचा प्रयत्न झाला नव्हता. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यापार ठरवला, कारण पहिल्यापासूनचा हेतू नफ्याने विकण्याचाच होता. हेतू मनात असतो, पण न्यायालय तो वागणुकीवरून वाचते. माझ्या मते सर्वांत वजनदार कसोटी हीच.

केकवाल्या बाईंनी व्यवसाय मान्य केला की नोकरदारांचा सोपा आयटीआर-१ बंद होतो. शिवाय दरवर्षी जुनी किंवा नवी करप्रणाली निवडण्याची मोकळीकही जाते: जुनी निवडून पुन्हा नवीत आल्या, तर व्यवसाय चालू असेपर्यंत जुनीकडे परतता येत नाही. घरकर्ज आणि विम्याच्या वजावटींवर ज्यांची भिस्त आहे, त्यांनी पहिल्या नफ्याच्या आधीच हा हिशेब करून ठेवलेला बरा.