पाळी आली की तारीख कळवते

प्रिय मंजू,

गणपतीत तू ‘काही गोड बातमी?’ म्हणालीस आणि मी मोदकांवर घसरले. बातमी नाही, पण पुढच्या पाळीपासून आम्ही दोघं तपासण्या सुरू करतोय.

एवढी घाई का, असं म्हणशील. पस्तिशीच्या आत असते तर डॉक्टरांनी वर्षभर वाट बघायला सांगितलं असतं. पस्तिशीनंतर मात्र सहा महिन्यांतच तपासायला घेतात, कारण स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरणीला लागलेली असतात. मला छत्तीस पूर्ण झाली, आणि ते सहा महिने केव्हाच उलटले.

पहिला नंबर नवऱ्याचा. वीर्यतपासणी दुखत नाही, फारशी महागही नाही. 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे आणि नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, बस्स. तरी कित्येक घरांत बाईला सगळीकडे फिरवून झाल्यावरच हिची आठवण होते. आमच्याकडे तो आपणहून तयार झाला, हे मात्र त्याचं कौतुक.

माझ्या तपासण्या पाळीच्या तारखेवर चालतात, आणि घोळ होतो तो तिथेच. बीज सुटतं की नाही हे पाहायला एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन तपासतात, असं सगळे सांगतात. पण तो हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या पाळीचा. माझी पाळी पस्तीस दिवसांची, म्हणजे बीज सुटणारच एकविसाव्या दिवसाच्या सुमारास. तेव्हा रक्त दिलं तर आकडा कमी येणार आणि बीज सुटतच नाही असं वाटणार. म्हणून मला अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावलंय, पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी.

धास्ती आहे ती नळ्यांच्या तपासणीची. पाळी थांबल्यावर, बीज सुटण्याआधी ती करतात. गर्भाशयात बारीक नळीनं एक द्रव सोडतात आणि तो बीजनलिकांतून पलीकडे जातो का, हे एक्स-रेवर बघतात. पाळीसारख्या कळा येतात, म्हणून आधी वेदनाशामक गोळी घ्यायची. कधी कधी त्या कळांनीच नळी आवळते आणि उघडी असूनही बंद दिसते. तेव्हा रिपोर्टात ‘बंद’ आलं, तरी लगेच रडायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलंय. तूही बजाव.

त्या दिवशी तू बरोबर यावंस असं वाटतं. नवरा येईलच, पण तो माझ्याहून जास्त घाबरतो! आणखी एक, रिपोर्ट काय आला हे तू विचारू नकोस, मी सांगेन. माझ्या आईला इतक्यात काही बोलू नकोस, आणि कुणाच्या जावेला कुठल्या काढ्यानं गुण आला, ते तर मुळीच कळवू नकोस.

पाळी आली की तारीख कळवते. त्यानंतरच्या आठवड्यात एक रजा माझ्यासाठी राखून ठेव.

तुझीच,
सुमी