कुर्त्यांचा पहिला माल: कोणत्या मापाचे किती नग?

आमच्या गटाने कुर्त्यांचं दुकान टाकलं, तेव्हा ठोक बाजारातून बारा रंगांचे बारा सेट आणले. एका सेटमध्ये एम, एल, एक्सएल आणि डबल एक्सएल असा एकेक नग, म्हणजे एकूण ४८ कुर्त्या. मांडणी रंगीबेरंगी दिसली, पण महिन्याभरात एल आणि एक्सएल संपले आणि एमचा ढीग तसाच राहिला. गिऱ्हाईक रंग पसंत करायचं, माप मागायचं आणि रिकाम्या हाताने परत जायचं. सेटमध्ये सगळी मापं सारखी असतात, गावातल्या बायका तशा नसतात!

मग आम्ही टेप घेऊन बसलो. गटातल्या आणि शेजारपाजारच्या ३० जणींची छाती मोजली. कुर्ती अंगापेक्षा साधारण दोन इंच सैल लागते, म्हणून ३८ छातीच्या बाईला ४० ची कुर्ती. बहुतेक ठिकाणी एम म्हणजे ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४. पण शिवणारा बदलला की लेबल फसवतं, म्हणून कुर्तीही मोजून घ्या. आमच्याकडे एमच्या ५ जणी निघाल्या, एलच्या ९, एक्सएलच्या १० आणि डबल एक्सएलच्या ६. तुमच्या गावात आकडे वेगळे येतील. कॉलेजच्या मुली जास्त असतील तर एम वाढेल.

हेच प्रमाण ४८ नगांना लावलं: एम ८, एल १४, एक्सएल १६, डबल एक्सएल १०.

आता रंग. बारा रंग घेतले तर प्रत्येक मापाला एकच नग येतो आणि तो विकला की त्या मापाच्या बाईसाठी तो रंग संपला. म्हणून आम्ही चारच रंग घेतले, प्रत्येकी १२ नग. व्यापारी सेट फोडत नव्हता, म्हणून प्रत्येक रंगाचे दोन सेट घेतले आणि वर चार सुटे नग. दोन रंगांत ते दोन एल, दोन एक्सएल. उरलेल्या दोन रंगांत एक एल, दोन एक्सएल, एक डबल एक्सएल. सुट्या नगाला वीस रुपये जास्त पडले. सोळा नगांचे ३२० रुपये झाले. जावेला ते जड वाटले, पण २५० रुपयांच्या दोन कुर्त्या पडून राहिल्या तरी ५०० अडकतात.

एक वही मात्र ठेवा. विक्रीच्या शेजारी "मागितलं, पण नव्हतं" असा रकाना आखा आणि त्यात माप, रंग लिहा. नुसती विक्री पाहिली तर संपलेल्या मापाची मागणी दिसतच नाही. एक्सएल नव्हता म्हणून विकला नाही, आणि वाटतं की तो चालत नाही. पुढची खरेदी या रकान्यावरून करायची. आमच्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात मरून रंगाचा डबल एक्सएल पाच वेळा आला होता.