सेल्फीतला चेहरा आणि फोटोतला बॉब

गोल चेहऱ्याला कोणता हेअरकट शोभेल हे सेल्फीवरून ठरवायचं, तर आधी सेल्फीची खोड ओळखायला हवी. हातभर अंतरावरून कॅमेऱ्याला नाक जवळ पडतं आणि कान लांब. त्यामुळे नाक मोठं दिसतं, गालांच्या कडा मागे सरतात आणि चेहरा आहे त्यापेक्षा निमुळता भासतो. म्हणून मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, पाच फुटांवर ठेवून टायमर लावा आणि केस मागे बांधा. कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंतची लांबी गालांच्या रुंदीइतकीच भरली आणि जबड्याला कोन नसला, तर चेहरा गोल.

आता नमुन्याचा फोटो. समजा, त्यात हनुवटीपर्यंतचा बॉब आणि कपाळभर सरळ फ्रिंज आहे. मॉडेलचा चेहरा बहुधा लांबट असतो, तिला ते खुलतं. गोल चेहऱ्यावर मात्र फ्रिंज उंची खाते आणि बॉबचं टोक भरल्या गालांशेजारीच आडवी रेघ ओढतं. बॉब सोडायची गरज नाही. तो हनुवटीखाली दोन इंच उतरवा, पुढची बाजू किंचित लांब ठेवा, भांग बाजूला घ्या, फ्रिंज तिरकी करा. लेयर्स हनुवटीखालीच सुरू व्हाव्यात. गालाशी सुरू झाल्या तर तिथेच फुगतात.

कुरळे केस वाळल्यावर आखडतात, तेव्हा ओले कापताना लांबी जास्तच ठेवायला सांगा. फोटोतले केस बहुतेकदा ब्लो-ड्राय केलेले असतात, हे पार्लरवाली सहसा आपणहून सांगत नाही.