नऊ किलोहर्ट्झची शिट्टी

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडसारख्या गावात मीडियम वेव्हवर नागपूर आकाशवाणी ऐकताना रात्री बारीक शिट्टी घुसते. सूर्य मावळला की आयनावरणाचा लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि दूरची केंद्रं आत येतात. नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर आणि शेजारचे चॅनल ५७६ व ५९४ वर. दोन वाहक लहरींतला ९ किलोहर्ट्झचा फरक डिटेक्टरमधून शिट्टी होऊन बाहेर पडतो.

डिटेक्टरनंतर लो-पास फिल्टर लावला तर ती दबते. स्टीफन बटरवर्थ यांनी १९३० मध्ये मांडलेला फिल्टर इथे शोभतो, कारण त्याच्या पासबँडमध्ये चढउतार नसतात, आवाजाचा पोत बिघडत नाही. प्रश्न उरतो ऑर्डरचा.

आपली मागणी अशी धरू: ४.५ किलोहर्ट्झपर्यंत घट १ डेसिबलहून जास्त नको, ९ किलोहर्ट्झवर किमान ३० डेसिबल हवी.

```
n ≥ log[(10^(As/10) − 1)/(10^(Ap/10) − 1)] / (2·log(fs/fp))
```

इथे Ap = 1, As = 30. वरचा भागाकार ९९९ भागिले ०.२५८९, म्हणजे सुमारे ३८५८. वारंवारतांचं गुणोत्तर २. उत्तर येतं ५.९६, म्हणून ऑर्डर ६. पाचवर भागवलं तर शिट्टी २४ डेसिबलच दबेल.

इथे एक चूक हमखास होते. ४.५ किलोहर्ट्झलाच कटऑफ धरून गणित केलं की उत्तर पाच येतं. पण बटरवर्थच्या कटऑफवर घट ३ डेसिबल असते, म्हणजे वरच्या पट्टीतले उच्चार मंदावतात. पासबँडची कड आणि कटऑफ वेगळे.

मग कटऑफ कुठे? सहाव्या ऑर्डरमध्ये पासबँडची अट पाळायला तो किमान ५.०४ आणि शिट्टीची अट पाळायला जास्तीत जास्त ५.०६ किलोहर्ट्झ हवा. ही जागा अर्ध्या टक्क्याचीच आहे! बाजारातला साधा कपॅसिटर छापील किमतीपासून पाच टक्के इकडेतिकडे असतो. कागदावर पुरा पडणारा फिल्टर टेबलावर मागणी चुकवतो, तो इथेच. ५.९६ चं ६ करताना उरलेलं ०.०४ हीच आपली सगळी मोकळीक होती, आणि ती जवळपास शून्य आहे.

म्हणून मी सात घेईन. आता कटऑफ ४.९६ ते ५.५० मध्ये कुठेही चालतो. मध्ये ५.२२ ठेवला तर ४.५ वर घट अर्धा डेसिबल, ९ वर ३३ डेसिबल. रेझिस्टर मोजून निवडले, तर कपॅसिटरची पाच टक्के चूक यात मावते. किंमत एवढीच, की दुसऱ्या ऑर्डरच्या तीन टप्प्यांना पहिल्या ऑर्डरचा एक साधा टप्पा जोडावा लागतो. तीनांपैकी सर्वांत टोकदार टप्प्याचा क्यू २.२५ असतो, त्याचे भाग अधिक जपून निवडावे.

तपासणी सोपी. १ किलोहर्ट्झला १ व्होल्ट बाहेर येईल असा सिग्नल द्या, तोच ठेवून वारंवारता बदला. ४.५ वर ०.८९ व्होल्टच्या खाली जाऊ नये, ९ वर ३२ मिलिव्होल्टच्या वर राहू नये. ४.५ वर कमी भरलं तर कटऑफ खाली सरकलाय, ९ वर जास्त भरलं तर वर.

ऑर्डर कितीही वाढवली तरी शेजारच्या केंद्राची कुजबुज मात्र जाणार नाही. ती ४.५ किलोहर्ट्झच्या आतच मिसळलेली असते. ती डिटेक्टरच्या आधी, आयएफ टप्प्यातल्या फिल्टरनेच अडवावी लागते.